फ्लॉरेन्सच्या सोयरिकींची आकृती: सर्वांत जास्त जोडलेलं घराणं कसं शोधायचं

प्रश्न: आम्हाला १५व्या शतकातल्या फ्लॉरेन्समधल्या १६ घराण्यांची आकृती दिली आहे. गोल म्हणजे घराणं, रेघ म्हणजे लग्नसंबंध. "सर्वांत जास्त जोडलेली घराणी शोधा आणि कारण द्या" असं विचारलंय. मेदिची मधोमध दिसतात म्हणून तेच पहिले का? दुसऱ्या नंबरला मी स्ट्रोत्झी लिहिले, मैत्रिणीने ग्वादान्यी. बरोबर कोण?

उत्तर:

मेदिची पहिले हे बरोबर आहे, पण ते मधोमध दिसतात हे त्याचं कारण नाही. अशा आकृतीत गोल कागदावर कुठे आहे याला स्वतःचा काही अर्थ नसतो. ती जागा आकृती काढणारा किंवा सॉफ्टवेअर ठरवतं. बहुतेक प्रोग्रॅम रेघांना स्प्रिंगसारखं धरतात: जोडलेले गोल एकमेकांना ओढतात, बाकीचे ढकलतात, आणि सगळं जिथे स्थिरावेल तिथे चित्र थांबतं. त्यामुळे जास्त रेघांचा गोल बरेचदा मध्याकडे येतो खरा, पण तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की चित्र फिरतं, उलटतं, कधी भलताच गोल मध्ये येतो. हीच १६ घराणी एका वर्तुळावर ओळीने मांडली तर मधोमध कोणीच नसेल, आणि तरी एकही सोयरीक बदललेली नसेल.

म्हणून पहिलं काम म्हणजे चित्राची यादी करणं. एकेक रेघ घ्या, तिची दोन्ही टोकं लिहा आणि त्या रेघेवर पेन्सिलने बारीक खूण करा, म्हणजे ती दोनदा मोजली जाणार नाही. तुमची आकृती राज्यशास्त्राचे अभ्यासक जॉन पॅजेट यांनी जमवलेल्या माहितीवरची असणार. या विषयात ती इतकी वापरली जाते की १६ घराणी म्हटलं की तीच. तिच्यातल्या सोयरिकी अशा:

मेदिची – आच्चायुओली, बार्बादोरी, रिदोल्फी, तोर्नाबुओनी, आल्बित्झी, साल्वियाती
स्ट्रोत्झी – कास्तेल्लानी, पेरुत्झी, बिस्केरी, रिदोल्फी
ग्वादान्यी – तोर्नाबुओनी, आल्बित्झी, बिस्केरी, लांबेर्तेस्की
कास्तेल्लानी – बार्बादोरी, पेरुत्झी
पेरुत्झी – बिस्केरी
रिदोल्फी – तोर्नाबुओनी
आल्बित्झी – जिनोरी
साल्वियाती – पात्झी

प्रत्येक जोडी एकदाच लिहिली आहे. एकूण २० रेघा. सोळावं घराणं पुच्ची, त्याला एकही रेघ नाही.

आता प्रत्येक घराण्याच्या वाट्याला किती रेघा येतात ते मोजा. या आकड्याला डिग्री म्हणतात. मेदिची ६. स्ट्रोत्झी आणि ग्वादान्यी प्रत्येकी ४. आल्बित्झी, बिस्केरी, कास्तेल्लानी, पेरुत्झी, रिदोल्फी आणि तोर्नाबुओनी प्रत्येकी ३. बार्बादोरी आणि साल्वियाती २. आच्चायुओली, जिनोरी, लांबेर्तेस्की, पात्झी १. पुच्ची शून्य.

पुढे जाण्याआधी या सगळ्यांची बेरीज करा. प्रत्येक रेघेला दोन टोकं असतात, म्हणून बेरीज रेघांच्या बरोबर दुप्पट, म्हणजे ४० आलीच पाहिजे. बेरीज विषम आली तर एक टोक नक्की सुटलंय किंवा जास्त धरलंय. सम असूनही ४० नसेल तर एखादी रेघ गळली किंवा दोनदा मोजली गेली. चूक बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते: एक रेघ तिसऱ्याच गोलाच्या अगदी कडेने किंवा खालून जाते, आणि ती तिथेच थांबली असं वाटतं. शंका आली की त्या रेघेवर पट्टी ठेवा. ती गोलाच्या पलीकडे त्याच सरळ दिशेत पुढे जात असेल, तर बहुधा ती त्या गोलाची नाहीच. बेरीज इथे मात्र फसवू शकते. एक रेघ चुकून दोन रेघा म्हणून वाचली, तर बेरीज समच राहते, फक्त ४२ होते. म्हणून रेघा वेगळ्या आणि टोकं वेगळी अशी दोन्ही मोजणी करायची.

डिग्रीवर मेदिची ६ आणि पुढचे ४. हे अंतर महत्त्वाचं आहे. एखादी सोयरीक नोंदीतून सुटली असेल किंवा तुमच्या हातून एक रेघ चुकली असेल, तरी मेदिचींचा पहिला क्रमांक हलत नाही. दुसऱ्या क्रमांकाचं तसं नाही. तिथे दोघे बरोबरीत आहेत आणि खाली ३ वाले सहाजण अगदी पाठीशी आहेत. नुसत्या डिग्रीवर स्ट्रोत्झी दुसरे म्हणणंही चूक आणि ग्वादान्यी दुसरे म्हणणंही चूक. "दोघे संयुक्त दुसरे" एवढंच म्हणता येतं. त्यापुढे जायचं असेल तर "जोडलेलं" म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवावं लागतं, आणि इथूनच हा प्रश्न खरा मजेचा होतो.

दोन्ही घराण्यांना चार-चार व्याही. ते व्याही आपसांत कसे आहेत ते बघा. स्ट्रोत्झींच्या चौघांपैकी कास्तेल्लानी आणि पेरुत्झी एकमेकांचे सोयरे आहेत, तसेच पेरुत्झी आणि बिस्केरीही. म्हणजे चौघांत शक्य असलेल्या ६ जोड्यांपैकी २ जोडलेल्या आहेत. ग्वादान्यींच्या चौघांत एकही जोडी आपसांत जोडलेली नाही. स्ट्रोत्झी एका घट्ट घोळक्यात बसलेत. ग्वादान्यी चार वेगवेगळ्या दिशांना हात पसरून उभे आहेत.

याची सोपी चाचणी म्हणजे अंगठा ठेवून बघणं. एका घराण्यावर अंगठा ठेवा, त्याच्या रेघांसकट ते झाका, आणि उरलेलं चित्र एकसंध राहतं का ते पहा. स्ट्रोत्झींना झाकलं तर काहीच तुटत नाही. बाकीची १४ घराणी (पुच्ची सोडून) एकमेकांपर्यंत पोहोचतात, फार तर वळसा पडतो. ग्वादान्यींना झाकलं तर लांबेर्तेस्की सुटून एकटे पडतात. आल्बित्झींना झाकलं तर जिनोरी. मेदिचींना झाकलं तर तीन तुकडे होतात: आच्चायुओली एकटे, साल्वियाती आणि पात्झी ही जोडगोळी वेगळी, आणि उरलेले ११ एकत्र. झाकल्यावर चित्र फुटतं अशी घराणी चारच आहेत, मेदिची, ग्वादान्यी, आल्बित्झी आणि साल्वियाती. चार व्याही असलेले स्ट्रोत्झी त्यात नाहीत आणि फक्त दोन व्याही असलेले साल्वियाती आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे लागणार आहे.

हाच विचार आकड्यात मांडला की त्याला बिटवीननेस म्हणतात, मराठीत मध्यस्थी म्हणा. कोणतीही दोन घराणी घ्या आणि त्यांच्यातला सगळ्यात कमी टप्प्यांचा रस्ता शोधा. त्या रस्त्यावर मध्ये येणाऱ्या घराण्याला एक गुण. तितक्याच लांबीचे दोन रस्ते असतील तर प्रत्येक रस्त्यावरच्या मधल्या घराण्याला अर्धा. उदाहरणार्थ, कास्तेल्लानी ते तोर्नाबुओनी तीन टप्प्यांत दोन प्रकारे जाता येतं: बार्बादोरी आणि मेदिची यांच्यावरून, किंवा स्ट्रोत्झी आणि रिदोल्फी यांच्यावरून. या जोडीचा अर्धा गुण मेदिचींना, अर्धा स्ट्रोत्झींना, तसाच अर्धा-अर्धा बार्बादोरी आणि रिदोल्फींना. पण बार्बादोरी ते ग्वादान्यी बघा. तोर्नाबुओनींकडून जा नाहीतर आल्बित्झींकडून, दोन्ही रस्ते आधी मेदिचींच्या दारातून जातात. तिथे मेदिचींना पुरा एक गुण, आणि तोर्नाबुओनी व आल्बित्झींना अर्धा-अर्धा.

पुच्ची वगळले तर मेदिचींशिवाय १४ घराणी उरतात आणि त्यांच्या ९१ जोड्या होतात. हे सगळं हाताने करायला एक संध्याकाळ जाते, म्हणून संगणकावर करा. पायथॉनच्या नेटवर्कएक्समध्ये ही माहिती तयारच मिळते:

```python
import networkx as nx
G = nx.florentine_families_graph()
print(G.number_of_nodes(), G.number_of_edges())
d = dict(G.degree())
b = nx.betweenness_centrality(G, normalized=False)
for n in sorted(G, key=lambda x: -b[x]):
    print(n, d[n], round(b[n], 2))
```

पहिली ओळ `15 20` अशी येईल. १६ नाही, कारण या संचात पुच्ची धरलेले नाहीत. तुमच्या पुस्तकातले आकडे आणि इथले आकडे जुळेनात तर आधी हेच तपासा. डिग्री बाकीच्या घराण्यांच्या प्रमाणात दिली असेल तर मेदिचींची १५ घराण्यांच्या आकृतीत ६ भागिले १४ म्हणजे ०.४३ येते, आणि पुच्ची धरल्यावर ६ भागिले १५ म्हणजे ०.४०. सोयरिकी त्याच, भाजक वेगळा.

मध्यस्थीचे आकडे असे येतात: मेदिची ४७.५, ग्वादान्यी २३.१७, आल्बित्झी १९.३३, साल्वियाती १३, रिदोल्फी १०.३३, बिस्केरी ९.५, स्ट्रोत्झी ९.३३. ९१ जोड्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जोड्यांच्या मध्ये मेदिची बसलेत. डिग्रीत ते दुसऱ्या क्रमांकाच्या दीडपट होते, इथे दुपटीहून पुढे गेले. आणि स्ट्रोत्झी दुसऱ्यावरून थेट सातव्यावर घसरले.

तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा इथे सिद्ध झाल्यासारखा वाटेल, पण जरा थांबा. साल्वियातींचे १३ गुण कुठून आले ते बघा. त्यांना दोनच व्याही, मेदिची आणि पात्झी. पात्झींना साल्वियातींशिवाय दुसरी सोयरीकच नाही. त्यामुळे पात्झींपासून इतर १३ घराण्यांकडे जाणारा प्रत्येक रस्ता साल्वियातींच्या अंगणातूनच जातो. १३ घराणी, १३ गुण. बाकी कुठल्याही दोन घराण्यांच्या मध्ये साल्वियाती येत नाहीत. म्हणजे एका टोकाच्या घराण्याला धरून ठेवल्याचं हे बक्षीस आहे. पात्झी या यादीत नसते तर साल्वियातींचा आकडा शून्य झाला असता.

असं एक रेघवालं टोक ज्याच्या पदरात असेल, त्याला या आकृतीत फुकटचे १३ गुण मिळतात. ग्वादान्यींना ते लांबेर्तेस्कींमुळे मिळालेत, आल्बित्झींना जिनोरींमुळे. ग्वादान्यींच्या २३.१७ मधून १३ वजा केले तर १०.१७ उरतात, म्हणजे स्ट्रोत्झींच्या जवळपास. आल्बित्झींचे उरतात ६.३३. मध्यस्थीचा आकडा मोठा दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा की यातला किती भाग टोकाच्या गोलांमुळे आहे. सॉफ्टवेअर ते आपणहून सांगत नाही. चित्रात मात्र एका नजरेत दिसतं.

स्ट्रोत्झींच्या बाजूनेही एक सरळ हिशेब आहे. प्रत्येकाच्या व्याह्यांच्या डिग्रीची बेरीज करा. स्ट्रोत्झींचे चारही व्याही प्रत्येकी ३ रेघांचे, बेरीज १२. ग्वादान्यींचे तीन व्याही ३ रेघांचे आणि लांबेर्तेस्की १, बेरीज १०. जोडलेल्यांशी जोडलेलं असणं ज्याला महत्त्वाचं वाटतं, त्याच्या मते तुमचं उत्तर बरोबर. हाच हिशेब पुन्हा पुन्हा फिरवून स्थिर केला की त्याला आयगेनव्हेक्टर सेंट्रॅलिटी म्हणतात, आणि त्यात खरोखरच मेदिचींनंतर स्ट्रोत्झी येतात, ग्वादान्यी पाचवे.

तिसरी मोजणी अंतराची. एका घराण्यापासून बाकी प्रत्येक घराण्यापर्यंत किती टप्पे, त्यांची बेरीज. लहान बेरीज म्हणजे सगळे जवळ. मेदिचींची २५, ग्वादान्यींची ३०, स्ट्रोत्झींची ३२. पण इथे दुसरा क्रमांक या दोघांपैकी कोणाचाच नाही. रिदोल्फींची बेरीज २८ आहे, तीही फक्त तीन व्याह्यांवर, कारण ते तिघे म्हणजे मेदिची, स्ट्रोत्झी आणि तोर्नाबुओनी. या मोजणीत पुच्ची धरू नका. त्यांच्यापर्यंत रस्ताच नाही, मग टप्पे किती लिहिणार? काही प्रोग्रॅम अशा वेळी गुपचूप काहीतरी आकडा धरतात.

थोडक्यात, तुम्ही दोघीही आपापल्या अर्थाने बरोबर आहात. उत्तरपत्रिकेत मी हे असं लिहीन: डिग्रीनुसार मेदिची पहिले, स्ट्रोत्झी आणि ग्वादान्यी संयुक्त दुसरे. मग एक वाक्य, की ग्वादान्यी वेगवेगळ्या गटांना जोडतात तर स्ट्रोत्झी एका घट्ट गटात आहेत. नुसतं नाव लिहून पूर्ण गुण मिळू नयेत असं माझं मत आहे.

कारणात एक चूक बरेच जण करतात. मेदिची जोडलेले कारण ते श्रीमंत होते, असं लिहितात. या माहितीसोबत १४२७च्या करनोंदीवरून घेतलेली संपत्तीही दिलेली असते, आणि तिच्यात स्ट्रोत्झी पहिले आहेत: हजार लिरांमध्ये १४६, मेदिची १०३, ग्वादान्यी अवघे ८. तुमच्या आकृतीत गोलांचे आकार लहानमोठे असतील तर ते कशावरून ठरवलेत ते सूचीत बघा. संपत्तीवरून असतील तर सगळ्यात मोठा गोल स्ट्रोत्झींचा असेल आणि नजर हमखास फसेल. पैसा स्ट्रोत्झींकडे जास्त असताना सत्ता मेदिचींकडे का गेली, हाच तर पॅजेट आणि ख्रिस्तोफर अॅन्सेल यांच्या १९९३च्या लेखाचा विषय होता. १४३३मध्ये आल्बित्झींच्या गटाने कोझिमो मेदिचींना हद्दपार करवलं आणि १४३४मध्ये ते परत येऊन शहराचे खरे धनी झाले. आकृतीत मेदिची आणि आल्बित्झी यांच्यात मात्र सरळ रेघ आहे. रेघ म्हणजे सोयरीक. त्यांचं पटत होतं असं ती सांगत नाही. व्याह्या-व्याह्यांचं वैर आपल्याला काही नवीन नाही.

रेघ आणखी काय सांगत नाही तेही बघा. मुलगी कुणी दिली आणि कुणी केली, ही दिशा या साध्या आकृतीत नाही. दोन घराण्यांत एक लग्न झालं की तीन, तरी रेघ एकच. शिवाय ही १६ घराणी शंभराहून मोठ्या यादीतून निवडलेली आहेत, त्यामुळे एक रेघ असलेल्या घराण्याला बाहेर आणखी सोयरे असू शकतात. पुच्ची एकटे आहेत म्हणजे त्यांच्यात लग्नंच होत नव्हती असं नाही. या पंधरांपैकी कोणाशी झालं नाही, एवढंच.

त्याच १६ घराण्यांची दुसरी आकृतीही उपलब्ध आहे, व्यवहाराची: कर्ज, भागीदारी अशा संबंधांची. तिच्यात १५ रेघा आहेत. मेदिची ५ रेघांनी तिथेही पहिले, पण त्यांच्या मागे बार्बादोरी, पेरुत्झी आणि लांबेर्तेस्की प्रत्येकी ४. स्ट्रोत्झींना तिथे एकही रेघ नाही. सोयरिकीत ज्यांना एकच रेघ होती ते लांबेर्तेस्की इथे ग्वादान्यी, बिस्केरी, कास्तेल्लानी आणि पेरुत्झी या चौघांशी जोडलेले. पात्झी व्यवहारात थेट मेदिचींशी जोडलेले, जिनोरी मेदिची आणि बार्बादोरींशी. दोन्ही आकृत्या एकावर एक ठेवल्या की लांबेर्तेस्की, पात्झी आणि जिनोरी ही तिन्ही टोकं टोकं राहतच नाहीत, आणि ग्वादान्यी, साल्वियाती व आल्बित्झी यांना त्यांच्यामुळे मिळालेले ते १३-१३ गुण गळून पडतात. टोकाला उरतात फक्त आच्चायुओली, मेदिचींच्या एकाच रेघेवर.